मायलेकींची तुलना : तंबाखू सोडविणाऱ्या दोन औषधांचा इतिहास

चैत्र-वैशाखात आपल्याकडे बहावा फुलतो. पाने झडून गेलेल्या झाडावर पिवळ्या फुलांचे घोस झुंबरांसारखे लोंबू लागतात आणि रुक्ष माळालाही काही दिवस शोभा येते. इंग्रज या देशात आले तेव्हा हे झाड पाहून त्यांना आपल्या मुलखातील एका झाडाची आठवण झाली आणि त्यांनी बहाव्याला 'हिंदी लॅबर्नम' असे नाव देऊन टाकले. खरा लॅबर्नम हा दक्षिण व मध्य युरोपच्या डोंगराळ भागातला. त्याचीही फुले पिवळी आणि त्याचेही घोस लोंबते. मात्र साम्य येथेच संपते. बहाव्याची शेंग हातभर लांब, काळपट व दांडक्यासारखी असते आणि तिच्यातील मगज आपले वैद्य सौम्य रेचक म्हणून देत आले आहेत. लॅबर्नमची शेंग वाटाण्याच्या शेंगेसारखी लहान असते आणि तिच्यातील बी विषारी असते. ते खाऊन मुलांना ओकाऱ्या होऊ लागल्या, ती गळून गेली, अशी प्रकरणे युरोपातील वैद्यांच्या परिचयाची आहेत.

आज आम्हांला सांगायची आहे ती या विषाची आणि त्यापासून निघालेल्या दोन औषधांची हकीकत. विषाचे नाव सायटिसिन. तंबाखूची सवय सोडविण्याकरिता त्याच्या गोळ्या साठ वर्षांपासून दिल्या जात आहेत. दुसरे औषध व्हॅरेनिक्लिन. ते प्रयोगशाळेत घडविलेले असून त्याचा आराखडा सायटिसिनवरूनच घेतलेला आहे. म्हणजे पहिली आई आणि दुसरी लेक, असे म्हणण्यास हरकत नाही. या दोघींत गुणाने सरस कोण, हा प्रश्न गेल्या काही वर्षांत रीतसर चाचण्यांनी विचारला गेला. त्याचे उत्तर काय मिळाले आणि ते कसे वाचावे, एवढाच आमचा विषय आहे. आरंभी एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगून ठेवतो. बहाव्यात सायटिसिन नाही. तेव्हा नाव एकच म्हणून बहाव्याच्या बिया कोणी चघळू नयेत. आणि खऱ्या लॅबर्नमच्या बियांत विष किती भरेल याचा नेम नसल्याने त्या तर कोणीच तोंडात घालू नयेत.

लॅबर्नमच्या बियांतून हे द्रव्य हुसेमान आणि मार्मे या दोन जर्मन शास्त्रज्ञांनी १८६५ साली वेगळे केले. त्याचा शरीरावर काय परिणाम होतो याचा कसून अभ्यास १९१२ साली इंग्लंडात डेल व लेडलॉ यांनी केला. यांपैकी हेन्री डेल यांना पुढे १९३६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांना असे आढळले की सायटिसिन शरीरात जवळजवळ हुबेहूब निकोटिनसारखे वागते. निकोटिन म्हणजे तंबाखूतील सवय लावणारे द्रव्य. वास्तविक लॅबर्नम आणि तंबाखू या दोन झाडांचे कूळ निराळे, देश निराळा, तरी त्यांची द्रव्ये शरीरातील एकाच कुलपाला लागतात, ही मोठी मौजेची गोष्ट होती. दुसऱ्या महायुद्धात तंबाखू मिळेनाशी झाली तेव्हा काही सैनिक लॅबर्नमची पाने वाळवून ओढीत असत, असेही सांगतात.

तंबाखूसारखेच द्रव्य देऊन तंबाखू सुटावी कशी, अशी शंका येथे येईल. ती रास्त आहे. तिचे उत्तर आपल्या भागातील शेतकऱ्याला पाटाच्या पाण्यावरून चटकन समजेल. निकोटिन रक्तातून मेंदूत पोचले म्हणजे तेथील काही विशिष्ट दारे सताड उघडतात आणि सुखाची जाणीव करून देणारे द्रव्य लोटासारखे वाहते. काही वेळाने ते ओसरते आणि माणूस पुन्हा विडीकडे किंवा पुडीकडे हात नेतो. सायटिसिन त्याच दारांना जाऊन भिडते, पण ती अर्धीच उघडते आणि तेथे खुंटीसारखी बसून राहते. याचे परिणाम दोन होतात. थोडे पाणी चालू राहिल्यामुळे पीक अगदीच सुकत नाही, म्हणजे तंबाखू बंद केल्यावर जी तगमग, चिडचीड आणि बेचैनी होते ती कमी होते. आणि खुंटी बसलेली असल्यामुळे मधेच कोणी विडी ओढली तरी दार सताड उघडत नाही. अर्थात विडी बेचव लागते. व्हॅरेनिक्लिनचे कामही याच रीतीने चालते. मेंदूतील या दारांच्या एका प्रमुख प्रकारावर सायटिसिन असे अर्धेच काम करते, हे प्रयोगाने १९९४ च्या सुमारास दिसून आले. गोळी मात्र त्यापूर्वी तीस वर्षे बाजारात होती. औषध आधी आणि त्याचे कारण मागाहून, असा हा क्रम आहे.

ही गोळी बल्गेरिया देशात १९६४ साली 'टॅबेक्स' या नावाने निघाली. योगायोग असा की त्याच वर्षी जानेवारीत अमेरिकेच्या सरकारी वैद्यकीय अहवालाने सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध जगापुढे मांडला. एकीकडे रोगाचे निदान आणि दुसरीकडे उपाय, दोन्ही एकाच वर्षी पुढे आली, पण त्यांची गाठ पडली नाही. बल्गेरिया, पोलंड, पूर्व जर्मनी, रशिया या देशांत ही गोळी हजारो लोकांनी घेतली. तिच्यावर वैद्यांनी निबंधही लिहिले. परंतु ते त्या त्या देशांच्या भाषांत राहिले आणि पश्चिमेकडील वैद्यांच्या वाचनात फारसे आले नाहीत. शिवाय त्या निबंधांत एक मोठा दोष होता. गोळी घेणाऱ्यांपैकी कितीजणांनी धूम्रपान सोडले याचे आकडे त्यांत असत, आणि ते आकडे दिसायला मोठे असत. पण गोळी न घेता तितक्याच जणांनी सोडले नसते कशावरून, याचे उत्तर बहुधा नसे.

येथे जरा थांबून चाचणी कशी करावी लागते ते पाहिले पाहिजे, कारण पुढचा सगळा वाद त्यावर उभा आहे. सोडण्याची इच्छा असलेली माणसे गोळा करायची. त्यांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडायचे, म्हणजे निश्चयी माणसे एकीकडे आणि ढिली दुसरीकडे असे होत नाही. एका गटाला खरी गोळी द्यायची आणि दुसऱ्याला तशीच दिसणारी, पण औषध नसलेली पोकळ गोळी द्यायची. कोणाला कोणती हे घेणाऱ्यालाही कळू द्यायचे नाही आणि देणाऱ्यालाही नाही. मग निदान सहा महिने वाट पाहायची, कारण पहिल्या महिन्यात सोडणारे पुष्कळ आणि सहाव्या महिन्यापर्यंत टिकणारे थोडे. 'सोडली' असे जो म्हणेल त्याच्या श्वासाची परीक्षा घ्यायची. धूर ओढणाऱ्याच्या श्वासात कार्बन मोनॉक्साइड वायू सापडतो आणि तो खोटे बोलत नाही. आणि जो मधेच नाहीसा झाला, पत्राला उत्तर देईना, त्याला सुटलेला न धरता ओढणाराच धरायचे. या कडक कसोट्या लावल्या की मोठमोठे आकडे एकदम लहान होतात. पण जे उरते ते खरे असते.

अशी कसोटी सायटिसिनला मिळण्याआधी तिच्या लेकीला मिळाली. अमेरिकेतील फायझर कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनी १९९३ च्या सुमारास सायटिसिनचा नमुना समोर ठेवून नवे द्रव्य शोधण्यास आरंभ केला. सायटिसिनच्या दोन उणिवा त्यांच्या नजरेत होत्या. एक म्हणजे रक्तातून मेंदूत शिरण्याची तिची शक्ती बेताची आहे. दुसरी म्हणजे ती शरीरात फार काळ टिकत नाही. घेतलेल्या मात्रेपैकी निम्मी सुमारे पाच तासांत निघून जाते. १९९७ साली त्यांनी व्हॅरेनिक्लिन तयार केले. त्याची निम्मी मात्रा जाण्यास सुमारे एक दिवस लागतो. २००६ साली अमेरिकेत आणि युरोपात त्याला परवानगी मिळाली. नवे द्रव्य असल्यामुळे त्यावर कंपनीची मालकी होती आणि मालकी होती म्हणून मोठ्या चाचण्यांसाठी पैसा होता. झाडाच्या बियांतून शंभर वर्षांपूर्वीच काढलेल्या सायटिसिनवर अशी मालकी कोणाला मिळणार ? जे कोणाचेच नाही त्याच्यावर खर्च करायला कोणी पुढे येत नाही. आपल्या गावच्या सामाईक विहिरीचा गाळ जसा वर्षानुवर्षे तसाच राहतो, तशी सायटिसिनची गत झाली.

तो गाळ अखेर निघाला तो पोलंडच्या वॉर्सा शहरात. तेथील कर्करोग केंद्रात ब्रिटिश व पोलिश संशोधकांनी ७४० धूम्रपान करणाऱ्यांवर वर सांगितल्याप्रमाणे चाचणी केली आणि २०११ साली तिचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. गोळ्या पंचवीसच दिवस द्यायच्या होत्या. पाहणी मात्र पुरी बारा महिन्यांची होती. वर्षअखेर पोकळ गोळी घेतलेल्या ३७० जणांपैकी ९ जण धूम्रपानापासून दूर राहिलेले आढळले. सायटिसिन घेतलेल्या ३७० जणांपैकी ३१ आढळले. म्हणजे शेकडा २.४ कोठे आणि शेकडा ८.४ कोठे. शंभरांत आठ हा आकडा ऐकून कोणी निराश होईल. पण येथे उपदेश अगदी जुजबी दिला होता, औषध महिन्याच्या आतच संपले होते आणि कसोटी वर्षाची होती, हे ध्यानात घेतले म्हणजे तिपटीहून अधिक फरक हा लहान नव्हे. त्यावेळी या सबंध औषधक्रमाची किंमत पोलंडात सुमारे १५ डॉलर आणि रशियात सुमारे ६ डॉलर पडत होती.

पुढची पायरी न्यूझीलंडने घेतली. पोकळ गोळीपेक्षा सरस ठरणे वेगळे आणि प्रचलित उपायापेक्षा सरस ठरणे वेगळे. तेथे १,३१० जणांपैकी निम्म्यांना पंचवीस दिवस सायटिसिन आणि निम्म्यांना आठ आठवडे निकोटिनच्या पट्ट्या, चघळगोळ्या इत्यादी देण्यात आले. २०१४ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की सहा महिन्यांनंतर सायटिसिनच्या गटात शेकडा २२ आणि निकोटिनच्या गटात शेकडा १५ जण दूर राहिले होते. मात्र मळमळ व झोपेच्या तक्रारी सायटिसिनच्या बाजूला अधिक होत्या, हेही त्याच निबंधात नमूद आहे. या चाचणीत कोणाला काय मिळते हे घेणाऱ्याला ठाऊक होते आणि सोडल्याची ग्वाही त्याच्या शब्दावर होती. म्हणून वॉर्साच्या आकड्याशी या आकड्याची सरळ तुलना करता येत नाही.

आता मायलेकींचा सामना. तो ऑस्ट्रेलियात झाला आणि २०२१ साली त्याचा निकाल छापला गेला. रोज धूम्रपान करणारे आणि सोडू इच्छिणारे १,४५२ प्रौढ त्यात होते. एका गटाला सायटिसिन नेहमीच्या पद्धतीने पंचवीस दिवस मिळाले. दुसऱ्याला व्हॅरेनिक्लिन त्याच्या नेहमीच्या पद्धतीने चौऱ्याऐंशी दिवस मिळाले. सहा महिन्यांनंतर, श्वासाची परीक्षा करून, सायटिसिनच्या गटात शेकडा ११.७ आणि व्हॅरेनिक्लिनच्या गटात शेकडा १३.३ जण टिकलेले आढळले.

संशोधकांनी विचारलेला प्रश्न 'सायटिसिन सरस आहे काय ?' असा नव्हता. 'सायटिसिन फारसे उणे नाही, असे खात्रीने म्हणता येईल काय ?' असा तो होता. 'फारसे' म्हणजे किती, हे आधीच ठरवून ठेवावे लागते, नाहीतर निकाल पाहून सोयीची रेघ ओढण्याचा मोह होतो. त्यांनी रेघ शंभरात पाच माणसांवर ओढली होती. प्रत्यक्षात फरक पडला तो दीड-पावणेदोन माणसांचा, म्हणजे रेघेच्या पुष्कळ आत. परंतु चाचणी म्हणजे खंडीभर ज्वारीतून काढलेली एक पायली. दुसरी पायली काढली तर खडे थोडे कमी-अधिक निघतील. म्हणून जो फरक दिसला त्याच्या आजूबाजूला कितीपर्यंत तो जाऊ शकतो, याचा गणिताने हिशेब करावा लागतो. तो हिशेब केला तेव्हा सर्वांत वाईट शक्यता ५.०२ वर जाऊन थांबली. रेघ ५ वर होती. शंभरात दोन शतांश माणसाने सायटिसिन रेघेबाहेर गेले आणि निकाल असा लिहावा लागला की 'सायटिसिन उणे नाही हे सिद्ध झाले नाही.'

या वाक्याचा अर्थ पुष्कळांनी 'सायटिसिन उणे आहे' असा घेतला. तो चुकीचा आहे. न्यायालयात आरोप सिद्ध झाला नाही म्हणून फिर्याद खोटी ठरत नाही, त्यातलाच हा प्रकार. सायटिसिन उणे आहे असे या चाचणीने सिद्ध केले नाही आणि उणे नाही असेही सिद्ध केले नाही. सिद्ध करण्याइतका पुरावा दोन केसांनी कमी पडला, एवढेच. शिवाय एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. एकीला पंचवीस दिवस आणि दुसरीला चौऱ्याऐंशी दिवस ! दोन पैलवानांपैकी एकाला महिनाभर खुराक आणि दुसऱ्याला पाऊण हंगाम खुराक देऊन कुस्ती लावली तर जे कळते ते पैलवानांविषयी थोडे आणि खुराकाविषयी अधिक कळते. या सामन्यात त्रास होण्याच्या तक्रारी सायटिसिनच्या गटात कमी होत्या, ही बाजूही सांगितली पाहिजे.

खुराक सारखा ठेवून कुस्ती लावली तर काय होते, हे न्यूझीलंडच्या आणखी एका चाचणीने पाहिले. तेथील मूळ रहिवासी माओरी लोकांत धूम्रपान फार आहे. माओरी आणि त्यांच्या कुटुंबातील ६७९ जणांना दोन्ही औषधे बारा बारा आठवडे देण्यात आली. सायटिसिनच्या गोळ्या पंचवीस दिवसांनंतर बंद न करता रोज दोन याप्रमाणे चालू ठेवल्या. सहा महिन्यांनंतर सायटिसिनच्या बाजूला शेकडा १२.१ आणि व्हॅरेनिक्लिनच्या बाजूला शेकडा ७.९ असे आकडे आले. यावरून आई लेकीहून सरस, असे म्हणण्याचा मोह आवरला पाहिजे, कारण गणिताने पाहता हा फरक योगायोगानेही पडू शकेल इतका आहे. पण ती लेकीपेक्षा उणी नाही, एवढे या चाचणीने निश्चित केले. २०२३ साली कोक्रेन या संस्थेने या दोन्ही सामन्यांचे आकडे एकत्र करून पाहिले तेव्हा पारडे बरोबर मध्यावर आले. मात्र सुई थोडी इकडे किंवा तिकडे असण्याची शक्यता त्यांनी मोकळी ठेवली आहे.

त्याच वर्षी अमेरिकेतील ८१० जणांवरच्या एका चाचणीचा निष्कर्षही प्रसिद्ध झाला. तीत जुना क्रम टाकून दिला आणि तीन मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीन वेळा दिली. काहींना सहा आठवडे दिली आणि काहींना बारा. सहा आठवडेवाल्यांपैकी सहाव्या महिन्यापर्यंत शेकडा ८.९ टिकले आणि त्यांच्या जोडीच्या पोकळ गोळीवर शेकडा २.६. बारा आठवडेवाल्यांपैकी शेकडा २१.१ टिकले आणि त्यांच्या जोडीला शेकडा ४.८. टिकण्याची मोजणी दोन्ही गटांत निरनिराळ्या आठवड्यापासून सुरू झाली होती, म्हणून हे आकडे शेजारी ठेवताना सावध राहावे. तरीही औषध अधिक दिवस घेतल्याचा लाभ दिसतो. पंचवीस दिवसांचा जुना क्रम हा बल्गेरियात १९६४ साली पडलेला रिवाज होता. तोच उत्तम, असे कोणी तपासून ठरविलेले नव्हते.

तो जुना क्रम व्यवहारात कसा चालतो हे पाहिले म्हणजे त्यातली अडचण कळते. गोळी दीड मिलिग्रॅमची असते. पहिले तीन दिवस दर दोन तासांनी एक, म्हणजे रोज सहा. चौथ्या दिवसापासून बाराव्यापर्यंत रोज पाच. तेराव्यापासून सोळाव्यापर्यंत चार. सतराव्यापासून विसाव्यापर्यंत तीन. आणि शेवटचे पाच दिवस एक किंवा दोन. सगळ्या मिळून शंभर गोळ्या. विडी पाचव्या दिवसापर्यंत पुरती बंद झाली पाहिजे. तोवर ती कमीच होत नसेल तर औषध थांबवून दोन-तीन महिन्यांनी पुन्हा प्रयत्न करावा, असे पाकिटातील सूचनापत्र सांगते. आता आमच्या भागातला शेतकरी उसाला पाणी देताना दर दोन तासांनी गोळी कशी आठवणार ? व्हॅरेनिक्लिनचे तसे नाही. पहिले तीन दिवस अर्ध्या मिलिग्रॅमची एक, मग सातव्या दिवसापर्यंत तशाच दोन, आणि आठव्या दिवशी तंबाखू बंद करून एक मिलिग्रॅमच्या रोज दोन. सकाळी आणि सायंकाळी जेवणानंतर पेलाभर पाण्याबरोबर घेतली की झाले. तीतून होणाऱ्या त्रासांत मळमळ मुख्य आहे. रिकाम्या पोटी घेतल्यास ती हमखास वाढते. दुसरा त्रास चित्रविचित्र स्वप्नांचा.

व्हॅरेनिक्लिनने मन बिघडते, अशी बोलवा मध्यंतरी फार होती आणि २००९ साली अमेरिकेत त्याच्या वेष्टनावर तसा ठळक इशाराही छापला गेला. पुढे सोळा देशांतील आठ हजारांहून अधिक लोकांवर मोठी चाचणी झाली. त्यांपैकी निम्मे आधीच मानसिक आजार असलेले होते. २०१६ साली निघालेल्या निष्कर्षात पोकळ गोळीच्या मानाने असा धोका लक्षणीय वाढलेला दिसला नाही आणि तो इशारा काढून टाकण्यात आला. मालकी असलेल्या औषधाची इतक्या मोठ्या प्रमाणावर परीक्षा होऊ शकली, हेही विसरू नये. सायटिसिनला अशी एकही परीक्षा अद्याप लाभलेली नाही. तेव्हा 'तिचे त्रास कमी' हे विधान खरे असले तरी लेकीच्या मानाने ते कमी माणसांवरून केलेले आहे.

आता आपल्या शेजारी येऊ. बांगलादेश आणि पाकिस्तान येथील बत्तीस रुग्णालयांत क्षयाच्या २,४७२ रोग्यांवर सायटिसिनची चाचणी झाली. २०२० साली तिचा निष्कर्ष आला. सगळेच धूम्रपान करणारे होते आणि दोन्ही गटांना सोडण्याविषयी व्यवस्थित समजावून सांगितले गेले होते. सहा महिन्यांनंतर सायटिसिनवर शेकडा ३२.४ आणि पोकळ गोळीवर शेकडा २९.७ दूर राहिलेले आढळले. फरक जवळजवळ नाही. पण हे दोन्ही आकडे वॉर्साच्या शेजारी ठेवून पाहा. तेथे औषध घेऊन वर्षाला आठ टिकले, येथे औषधावाचून सहा महिन्यांना तीस ! मुदत निराळी, रोगी निराळे, हे खरे. तथापि छातीत क्षय घेऊन आलेला माणूस, त्याला वारंवार भेटणारा आरोग्यसेवक आणि समोर बसून झालेले बोलणे यांचे बळ यातून दिसते. जेथे हे बळ आधीच मोठे असते तेथे गोळीला भर घालण्यास जागा थोडी उरते.

नातेपुत्यासारख्या गावाला या सगळ्यातून काय घ्यायचे, हा प्रश्न राहिला. सोलापूर शहरात हजारो स्त्रिया विड्या वळून पोट भरतात हे खरे, परंतु महाराष्ट्रात तंबाखू ओढणाऱ्यांपेक्षा खाणारेच फार आहेत. २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत प्रौढांपैकी शेकडा ३.८ ओढणारे आणि शेकडा २४.४ खाणारे, चघळणारे किंवा मशेरी लावणारे आढळले. मघापासून आम्ही जे आकडे सांगितले ते जवळजवळ सर्व ओढणाऱ्यांचे आहेत. चुना-तंबाखूची चिमूट गालात धरणाऱ्याला ते जसेच्या तसे लावता येत नाहीत. दिल्लीत तंबाखू खाणाऱ्या २३७ जणांवर व्हॅरेनिक्लिनची चाचणी झाली आणि ती २०१४ साली प्रसिद्ध झाली. तोंडी विचारले तेव्हा औषधाच्या गटात शेकडा ४३ आणि पोकळ गोळीच्या गटात ३१ जणांनी 'सोडली' असे सांगितले. प्रत्यक्ष तपासणीत ते आकडे शेकडा २५.२ आणि १९.५ असे उतरले आणि फरक खात्रीचा राहिला नाही. स्वीडन-नॉर्वेकडील ओठात धरायच्या तंबाखूवर मात्र व्हॅरेनिक्लिनचा स्पष्ट गुण दिसला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ साली जी मार्गदर्शिका काढली तीत ओढणाऱ्यांसाठी सायटिसिन आणि व्हॅरेनिक्लिन दोन्हींना मान्यता आहे. खाणाऱ्यांसाठी व्हॅरेनिक्लिन व निकोटिनचे उपचार यांची नावे आहेत, सायटिसिनचे नाही.

तेव्हा हिशेब असा पडतो. ओढणाऱ्यासाठी दोन्ही औषधे खरी आहेत, आणि सारखे दिवस दिली तर आई लेकीहून उणी असल्याचा पुरावा नाही. खाणाऱ्यासाठी लेकीच्या बाजूने थोडा पुरावा आहे, आईच्या बाजूने तो अजून उभा राहायचा आहे. दोन्ही औषधे मूत्रपिंडावाटे बाहेर पडतात, म्हणून मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्याने, तसेच गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी ती आपल्या मनाने घेऊ नयेत. इतरांनीही डॉक्टरांना विचारूनच घ्यावीत आणि विचारताना किती दिवस घ्यायची हे आवर्जून विचारावे, कारण चाचण्यांनी शिकविलेला धडा मुख्यतः दिवसांचा आहे. समजावणाऱ्या माणसाची सोय जवळ नसेल तर १८००-११-२३५६ या क्रमांकावर सरकारतर्फे विनामूल्य सल्ला मिळतो. राहिला प्रश्न चुना-तंबाखू, मावा आणि मशेरीवर सायटिसिन किती चालते याचा. तो वॉर्सात सुटणार नाही आणि ऑकलंडलाही सुटणार नाही, कारण तेथे ही व्यसने नाहीत. ती ज्या भागात आहेत तेथेच चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडावे लागतील. आणि तो भाग आपला आहे.